आरओसीने वॉचलिस्टची क्रमवारी: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या वॉचलिस्टमध्ये चाळीसएक शेअर आहेत, सगळे एनएसईवरचे आणि भरपूर उलाढाल असलेले. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी बाजार बंद झाला की १२६ सत्रांचा, म्हणजे साधारण सहा महिन्यांचा आरओसी काढते. आरओसी म्हणजे रेट ऑफ चेंज, त्या काळात भाव किती टक्के बदलला तो आकडा. मग शेअर उतरत्या क्रमाने लावते आणि वरचे पाच घेते. सूत्र एका ओळीचं आहे:

```
=(B2/C2-1)*100
```

B2 मध्ये आजचा बंद भाव, C2 मध्ये १२६ सत्रांपूर्वीचा. पद्धत मला आवडली आणि पुढेही वापरणार आहे. पण C2 कडे जितकं लक्ष द्यावं लागतं, तितकं B2 कडे लागत नाही.

एक उदाहरण घ्या. शेअर आज ६०० वर आहे, १२६ सत्रांपूर्वी ५०० वर होता. आरओसी २०. आता समजा, त्या ५०० नंतरच्या दोन आठवड्यांत तो ४०० पर्यंत घसरला होता. आपण दोन आठवडे पुढे सरकलो की तुलना ४०० शी होते. आजचा भाव ६०० वरच बसून असला तरी आरओसी थेट ५० होतो आणि मधल्या फळीतला शेअर पहिल्या पाचात येतो. त्याने या काळात काहीच केलेलं नसतं, फक्त जुनी घसरण तुलनेच्या जागी आलेली असते. हे ओळखायला शेजारी २१ सत्रांच्या आरओसीचा रकाना ठेवा. तिथे शून्याच्या आसपास आकडा आणि क्रमांकात मोठी उडी दिसली, तर ती पायाची करामत आहे. मी आता C2 मध्ये एका दिवसाचा भाव न घेता १२६ व्या सत्राच्या मागच्या-पुढच्या पाच-पाच सत्रांसह अकरा भावांची सरासरी घेते. यादी बरीच शांत झाली.

बोनस आणि स्प्लिटचंही तेच. एनएसईची भावकॉपी, म्हणजे रोजच्या भावांची फाइल, जुने भाव बदलून देत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने १:१ बोनस दिला तेव्हा भाव निम्म्यावर आला; जुना भाव दोनने न भागता सूत्र चालवलं, तर चांगला चाललेला शेअरही उणे चाळीस-पन्नास दाखवून तळाला जातो.

खरेदी पहिल्या पाचातून, पण विक्री मात्र क्रमांक दहाच्या खाली गेल्यावरच. पाचवा आणि सहावा यांच्यात बहुतेक वेळा अर्ध्या टक्क्याचाच फरक असतो. त्यासाठी दर महिन्याला अदलाबदल केली, तर खरेदी-विक्री दोन्ही बाजूंना ०.१ टक्का एसटीटी हा व्यवहारावरचा कर आणि वर्षाच्या आत विकल्यामुळे नफ्यावर २० टक्के कर जातो.

आणि बाजार पडत असताना पहिला क्रमांकही उणे चारचा असू शकतो. क्रमवारी फक्त इतरांपेक्षा बरा कोण एवढंच सांगते. म्हणून ज्याचा आरओसी शून्याखाली आहे तो पहिल्या पाचात असला तरी मी घेत नाही, त्याच्या वाट्याचे पैसे लिक्विड फंडात ठेवते.