डायबोल्ड-मारियानो टेस्ट आठ महिने वापरून: आधीचा p-व्हॅल्यू खोटा का होता

मी एका दूध डेअरीच्या प्लॅनिंगमध्ये काम करते. रोज एका डेपोला किती क्रेट लागतील हा आकडा सात दिवस आधी द्यायचा असतो, कारण गाड्या, माणसं, पिशव्यांचा रोल सगळं त्यावरच ठरतं. आमच्याकडे जुनी पद्धत म्हणजे मागच्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराची सरासरी, सोमवारला चार सोमवार, मंगळवारला चार मंगळवार. मी सण, शाळेच्या सुट्ट्या आणि पाऊस धरून एक नवं मॉडेल बांधलं. आता प्रश्न साधा होता, नवं खरंच चांगलं आहे का नशिबाने चांगलं दिसतंय. त्यासाठी डायबोल्ड आणि मारियानो यांची 1995 ची टेस्ट वापरायला घेतली, आणि आठ महिन्यांनंतर माझं मत असं आहे की टेस्ट फार चांगली आहे पण तिला काय खाऊ घालताय त्यावर सगळं अवलंबून आहे.

टेस्टचा गाभा दोन ओळींत मावतो. रोजच्या दोन्ही चुकांचा लॉस काढायचा (माझ्याकडे लॉस म्हणजे चूक किती क्रेटची, पुढे-मागे न बघता), जुन्याच्या लॉसमधून नव्याचा वजा करायचा, जो रोजचा फरक येतो तो d, आणि मग बघायचं की d ची सरासरी शून्यापासून खरंच लांब आहे का. म्हणजे दोन मॉडेल बाजूला राहतात, तपासायला एकच मालिका उरते. मला याच गोष्टीने ही टेस्ट आवडली, कारण मॉडेलच्या आत काय आहे हे तिला माहीत असायची गरज नाही, एखाद्या जुन्या जाणत्या माणसाचा अंदाज असला तरी चालतो.

1 जुलै ते 29 डिसेंबर, 182 दिवस. जुन्याची सरासरी चूक 41 क्रेट, नव्याची 37. d ची सरासरी 4 क्रेट, आणि रोजच्या d चं स्टँडर्ड डेव्हिएशन 24. मी आर मधली forecast पॅकेजची dm.test चालवली:

```
dm.test(e_juna, e_nava, power = 1)
```

स्टॅटिस्टिक 2.24, p 0.026, म्हणजे खरा फरक नसता तर नुसत्या नशिबाने एवढा फरक दिसायची शक्यता तीन टक्क्यांच्या आत. मी खूश, साहेबांना मेल टाकला की नवं सिग्निफिकंटली चांगलं आहे, आणि त्यांनीही लगेच पुढच्या महिन्यापासून वापरू म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी रात्री परत कोड उघडून बसले तेव्हा लक्षात आलं की h मी दिलाच नव्हता. न दिला तर तो 1 धरतो, म्हणजे टेस्टला वाटतं की अंदाज एक दिवस आधीचा आहे. आमचा सात दिवस आधीचा.

इथे काय बिघडतं ते नीट सांगते, कारण मला स्वतःला हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं, वही घेऊन वार लिहिले तेव्हा कळलं. समजा गुरुवारी अचानक मुसळधार पाऊस सुरू झाला आणि पुढचे काही दिवस मागणी घसरली. गुरुवारचा आकडा मागच्या गुरुवारी दिलेला, शुक्रवारचा मागच्या शुक्रवारी, असं करत पुढच्या बुधवारपर्यंतचे सातही आकडे हा पाऊस यायच्या आधीच देऊन झालेले असतात. मग सातही दिवसांच्या चुका एकाच कारणाने एकाच बाजूला झुकतात. टेस्टला 182 पुरावे दिसतात पण त्यातले बरेचसे एकाच पुराव्याच्या झेरॉक्स असतात. म्हणून h दिवस आधीच्या अंदाजात d ला h−1 दिवसांपर्यंत स्वतःशीच नातं असणं अपेक्षितच आहे, आमच्या बाबतीत सहा दिवसांपर्यंत.

माझ्या d चे ऑटोकोरिलेशन काढले तर एक दिवसाला 0.45, मग 0.35, 0.25, 0.15, 0.10, 0.05. बेरीज 1.35. सरासरीचं व्हेरियन्स किती पटीने वाढतं, तर 1 + 2 × 1.35 म्हणजे 3.7 पट. 182 ला 3.7 ने भागलं तर जेमतेम 49 दिवसांची माहिती उरते, सहा महिने नव्हे, सात आठवडे! स्टँडर्ड एरर 1.78 वरून 3.42 वर गेला. मग h = 7 टाकून परत चालवलं:

```
dm.test(e_juna, e_nava, h = 7, power = 1)
```

आता स्टॅटिस्टिक 1.13, p 0.26. (यात हार्वे, लेबोर्न आणि न्यूबोल्ड यांची 1997 ची छोट्या सॅम्पलची दुरुस्ती आधीच लागलेली असते, ती वेगळी लावायला जाऊ नका, मी एकदा दोनदा लावली होती.) तोच डेटा, तेच चार क्रेट, फक्त एक अर्ग्युमेंट. मी साहेबांना दुसरा मेल टाकला, आधीचा निष्कर्ष मागे घेते म्हणून, आणि तो मेल टाकताना हात जड झाला होता हे खरं आहे, पण त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, "अगं मग नवं वाईट आहे का?" नाही साहेब, वाईट आहे असं टेस्ट म्हणत नाही, चार क्रेटचा फायदा आहे का नाही हे सांगायला एवढा डेटा पुरत नाही असं म्हणते. हे दोन वेगळे निकाल आहेत आणि p मोठा आला की लोक "दोन्ही सारखेच" असं लिहून मोकळे होतात, ते चूक आहे. माझा 95 टक्क्यांचा पट्टा साधारण उणे 3 ते अधिक 11 क्रेट असा होता, यात "काहीच फरक नाही" पण बसतं आणि "रोज दहा क्रेट वाचतात" पण बसतं.

त्यानंतर मी जे केलं ते खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं, d ची चालती बेरीज काढून ग्राफ काढला. नवं मॉडेल रोज थोडं थोडं चांगलं असतं तर रेघ तिरकी वर गेली असती. माझी रेघ आडवी, आडवी, मग गणपतीत एक पायरी, परत आडवी, नवरात्र-दसऱ्याला पायरी, कोजागिरीला एकदम उडी, दिवाळीत मोठी पायरी. कोजागिरीला मसाला दुधामुळे मागणी चढते, त्या दिवशी जुनं 170 क्रेटने कमी पडलं आणि नवं 50 ने, म्हणजे एका दिवसाचा d 120. एकूण बेरीज 728 क्रेट, त्यातले 520 फक्त 24 सणाच्या दिवसांतून आले. उरलेल्या 158 दिवसांत मिळून 208, म्हणजे दिवसाला 1.3 क्रेट, जे चहाच्या टपरीवाल्याने एक क्रेट जास्त घेतला तरी झाकलं जातं.

मग सणाच्या दिवसाला 1 आणि बाकीच्याला 0 असा कॉलम करून d त्यावर रिग्रेस केला. डायबोल्ड-मारियानो मुळात d चं फक्त कॉन्स्टंटवरचं रिग्रेशन आहे, स्टँडर्ड एरर तेवढा ऑटोकोरिलेशन धरून घ्यायचा:

```
fit <- lm(d ~ san)
coeftest(fit, vcov = NeweyWest(fit, lag = 6, prewhite = FALSE))
```

sandwich आणि lmtest लागतात. मला आता dm.test पेक्षा हीच पद्धत जास्त आवडते, कारण यात लॉस हवा तसा ठेवता येतो. dm.test मध्ये फक्त चुकीचा घातांक बदलता येतो, पण आमच्याकडे दूध कमी पडणं हे उरण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं, उरलेलं परत येऊन दुसरीकडे वापरता येतं पण ज्या दुकानदाराला पहाटे पाच वाजता माल मिळाला नाही तो दुसऱ्या डेअरीचा क्रेट ठेवून घेतो.

सणाचा कोएफिशियंट इथे सिग्निफिकंट आला. तरी मी तो डोळे झाकून मानला नाही आणि कुणी मानूही नये. 24 दिवस दिसतात, पण ते वेगवेगळे 24 पुरावे नाहीत, गणपती, नवरात्र-दसरा, कोजागिरी, दिवाळी एवढे चारच प्रसंग आहेत. न्यूई-वेस्ट शेजारच्या दिवसांचं नातं सांभाळतो, चार प्रसंगांचे चाळीस करू शकत नाही. शिवाय सणांकडे मी ग्राफ बघून वळले, म्हणजे ज्या डेटाने कल्पना दिली त्याच डेटावर ती तपासली. लॉसचंही तेच, निकाल बघून कमी पडण्याला तिप्पट वजन दिलं असतं तर p कदाचित छान खाली आला असता आणि तो मीच मला हवा तसा आणलेला असता. म्हणून वजन डिस्पॅच आणि हिशोब विभागाशी बसून आधी ठरवलं, तारीख घालून कागदावर लिहिलं, मगच पुढचे महिने मोजायला घेतले.

वापरताना खटकलेल्या दोन-तीन गोष्टी सांगते. एका छोट्या डेपोचे 40 च दिवस होते, तिथे h = 7 टाकल्यावर व्हेरियन्स निगेटिव्ह असल्याची वॉर्निंग आली आणि फंक्शनने गपचूप h = 1 धरून उत्तर दिलं. गर्दीत ती वॉर्निंग कोण वाचतं, स्क्रिप्टमध्ये p तेवढा उचलला जातो. अशा वेळी varestimator = "bartlett" द्या, त्याने व्हेरियन्स निगेटिव्ह येत नाही, पण लांबच्या दिवसांना कमी वजन मिळत असल्याने तो स्टँडर्ड एरर जरा कमी दाखवू शकतो, आणि मुळात 40 दिवसांत सात दिवस आधीचे अंदाज तपासणं म्हणजे पाच-सहा आठवड्यांवर निकाल देणं आहे.

दुसरं, alternative ची दिशा. "greater" म्हणजे दुसरं मॉडेल जास्त अचूक, "less" म्हणजे दुसरं कमी अचूक. आमच्या एका सहकाऱ्याने उलटं वाचलं आणि चांगलं मॉडेल बाद होता होता राहिलं. मी दोन्ही बाजूंची टेस्ट करते आणि दिशा सरासरीच्या चिन्हावरून बघते.

तिसरं, चुका त्या दिवशी खरंच दिलेल्या अंदाजाच्याच पाहिजेत. मॉडेल सगळ्या वर्षावर फिट करून त्याचे रेसिड्युअल टेस्टला दिले तर ते उत्तर जाणणाऱ्याची परीक्षा घेतल्यासारखं आहे. आणि नवं मॉडेल म्हणजे जुनंच अधिक एखादा व्हेरिएबल असेल, म्हणजे एक दुसऱ्याच्या पोटात, तर नेहमीचा नॉर्मलचा तक्ता तिथे लागू पडत नाही, त्यासाठी क्लार्क-वेस्ट ही टेस्ट बघा. डायबोल्डनेच नंतर लिहिलंय की ही टेस्ट अंदाजांची तुलना करायला काढली होती, मॉडेलांची नाही, आणि माझ्या कामाला तेच बरोबर बसतं, कारण गाडीत अंदाजच भरला जातो.

सध्या आम्ही साध्या दिवसांना जुनी सरासरीच ठेवली आहे, सणाच्या आधी-नंतरच्या ठरवलेल्या दिवसांना नवं मॉडेल. दोन्हीचे आकडे मात्र रोज, देण्याच्या वेळेसकट, एका शीटमध्ये जातात. डिस्पॅचचे दादा परवा म्हणाले, "ताई, दोन-दोन आकडे कशाला, एकच सांगा ना." त्यांना एकच सांगते, दुसरा मी माझ्यासाठी लिहून ठेवते, कारण येत्या गणपतीत पाचवा प्रसंग मिळणार आहे आणि तेव्हा त्या दिवसाचा जुना आकडा हाताशी नसेल तर d काढता येणार नाही.