पेन्शन विकावी की पूर्ण घ्यावी?

केंद्र सरकारच्या नोकरीत 1 जानेवारी 2004 पूर्वी लागलेली आणि आता साठाव्या वर्षी निवृत्त होणारी माणसे कागद भरताना एकाच रकान्यापाशी अडतात, तो म्हणजे अंशराशीकरणाचा. आपल्या बोलीत यालाच 'पेन्शन विकणे' म्हणतात. मूळ पेन्शनचा जास्तीत जास्त 40 टक्के भाग सोडायचा आणि त्याबदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे. 15 वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू होतो.

शेवटचे मूळ वेतन 70,000 आणि पूर्ण सेवा असलेला एक कर्मचारी घेऊ. त्याची मूळ पेन्शन 35,000 आणि विकता येणारा भाग 14,000. पुढच्या वाढदिवसाला 61 पूर्ण होणार असतील, तर तक्त्यातला गुणक 8.194 येतो. म्हणजे 14,000 × 12 × 8.194 = 13,76,592 रुपये, तेही करमुक्त. महागाई भत्ता कापलेल्या नव्हे, मूळ 35,000 वरच मिळत राहतो. तो हिशेबापुरता 50 टक्के धरू.

| | पूर्ण पेन्शन | 40 टक्के विकून |
|---|---|---|
| मूळ पेन्शन | 35,000 | 21,000 |
| महागाई भत्ता | 17,500 | 17,500 |
| दरमहा हातात | 52,500 | 38,500 |
| एकरकमी | नाही | 13,76,592 |

15 वर्षांत एकूण कपात 25,20,000 रुपयांची होते. हे आकडे कर्जाच्या नजरेने पाहिले, तर व्याजदर साधारण 9 टक्के निघतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा 8.2 टक्के दर धरला आणि तेरा लाख शहात्तर हजार तिथे ठेवून दरमहा 14,000 काढत गेलात, तर पैसे साडेतेरा वर्षांतच संपतात. म्हणून 'विका आणि गुंतवा' हा सल्ला मला सरसकट पटत नाही.

पूर्वी त्यामागे कराचे कारण होते. विकलेल्या भागावर कर लागत नसल्याने 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला हेच 9 टक्के साडेपाचच्या आसपास पडायचे. पण 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर उरलेला नाही. वरच्या माणसाची वर्षाची पेन्शन 6,30,000 आहे. दुसरे मोठे उत्पन्न नसेल, तर वाचवायला करच नाही. घरभाडे किंवा इतर उत्पन्न भरपूर असेल, तर मात्र जुने गणित अजून लागू पडते.

आता बाकीचे पैसेही बघा. याच माणसाला ग्रॅच्युइटी 17,32,500 आणि 300 दिवसांचे रजा रोखीकरण 10,50,000, म्हणजे 27,82,500 रुपये तसेही मिळतात. बचत योजनेत एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंतच ठेवता येतात, म्हणजे जवळजवळ सगळी जागा इथेच भरली. त्यावर महिन्याला सुमारे 19,000 व्याज पडते (प्रत्यक्षात तिमाहीला जमा होते). पेन्शन न विकता दरमहा सुमारे 71,500 होतात. विकून आलेले पैसे मग बहुतेक मुदत ठेवीत जातील. तिथे 7 टक्के धरले, तर आठ हजार येतात आणि सगळे मिळून साडेपासष्ट हजार. महिन्याला सहा हजार कमी पडतात, पण तेरा लाख शहात्तर हजारांची मुद्दल शाबूत राहते.

ही मुद्दल कोणाच्या कामी येईल, हा खरा प्रश्न आहे. निवृत्त माणूस मध्येच गेला, तर उरलेली कपात कुटुंबाकडून वसूल होत नाही. फॅमिली पेन्शनही विक्रीमुळे घटत नाही. निवृत्तीनंतर मृत्यू झाला, तर ती सात वर्षे किंवा दिवंगताचे वय 67 होईपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवर, वाढीव दराने 35,000 मिळते. नंतर शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 21,000 आणि त्यावर महागाई भत्ता. समजा तो 65 व्या वर्षी गेला, तर तोवर कपात झाली 8,40,000 आणि घरात आले होते पावणेचौदा लाख. म्हणून हृदयविकार, मधुमेह असे काही आधीच असेल आणि घर पत्नीवर सोडून जावे लागण्याची भीती असेल, तर मी विकायलाच सांगेन. नऊ टक्क्यांहून महाग कर्ज डोक्यावर असेल तरीही. तब्येत चांगली, कर्ज फिटलेले, मुले मार्गी लागलेली अशा घरात पूर्ण पेन्शन बरी.

शिवाय 40 टक्केच विकायचे असे बंधन नाही, 10 किंवा 20 टक्केही चालतात. निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत अर्ज केला, तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. तेव्हा घाईत रकाना भरण्याऐवजी सहा महिने पूर्ण पेन्शनवर घर चालवून बघता येते. एकदा विकली की निर्णय फिरवता येत नाही.

विकलीच, तर रक्कम जमा झाल्याची आणि कपात सुरू झाल्याची तारीख पेन्शनच्या आदेशासोबत लिहून ठेवा. 15 वर्षांनी कपात आपोआप थांबायला हवी, पण बँकेच्या नोंदीत तारीख चुकली तर ती चालूच राहते. पासबुकात त्या महिन्याची रक्कम 14,000 ने वाढलेली दिसली नाही, तर लगेच लेखी अर्ज द्या आणि थकबाकीही मागा.