स्लिंग की कृत्रिम स्फिंक्टर? प्रोस्टेट काढल्यानंतर गळणारी लघवी आणि माझा कौल

प्रोस्टेट काढल्यावर लघवी गळते हे ऑपरेशनच्या आधीच सांगितलेलं असतं. बहुतेकांचं गळणं पहिल्या वर्षात हळूहळू आटोक्यात येतं. माझं अर्धवट आलं आणि तिथेच अडकलं. तुम्हीही तसेच अडकला असाल, व्यायाम करून थकला असाल आणि डॉक्टरांनी स्लिंग म्हणजे आधाराची पट्टी आणि कृत्रिम स्फिंक्टर म्हणजे मूत्रमार्ग बंद ठेवणारं यंत्र अशी दोन ऑपरेशनांची नावं सांगून ‘विचार करा’ म्हटलं असेल, तर हे वाचा. मी स्लिंग बसवून घेतली आहे, त्यामुळे माझं पारडं कुठे झुकतं ते उघड आहे.

आधी व्यायामाबद्दल, कारण त्यात मी तीन महिने फुकट घालवले. ‘लघवी रोखून धरता तसे स्नायू आवळा’ एवढंच मला सांगितलं होतं. मी इमानदारीने श्वास रोखून, पोट घट्ट करून जोर लावायचो. फिजिओथेरपिस्टने सोनोग्राफीचा प्रोब ओटीपोटावर ठेवला आणि पडदा माझ्याकडे वळवला. मी आवळतोय असं मला वाटत होतं तेव्हा मूत्राशय खाली ढकललं जात होतं. म्हणजे मी रोज शिस्तीत उलटा व्यायाम करत होतो. मग तिने सूचनाच बदलली: ‘लिंग आत ओढून आखूड करायचं आणि अंडकोश वर उचलायचे, श्वास चालू ठेवून.’ पुढच्या भागातले स्नायू त्याने पकडीत येतात. नुसती गुदद्वाराची बाजू आवळून मूत्रमार्ग नीट बंद होत नाही. घरी आरशासमोर उभं राहिलं की लिंगाचं मूळ आत जाताना आणि अंडकोश वर सरकताना दिसतात. पोट फुगत असेल किंवा मांड्या ताठ होत असतील तर चुकतंय.

दुसरी गोष्ट वेळेची. खुर्चीतून उठण्याआधी, खोकण्याआधी, काही उचलण्याआधी क्षणभर तो स्नायू वर ओढून ठेवायचा आणि हालचाल संपेपर्यंत सोडायचा नाही. माझा सगळ्यात जास्त फायदा यानेच झाला. सकाळी पॅड जवळजवळ कोरडा, संध्याकाळी ओला, असं मात्र राहिलं. स्नायू दिवसभरात दमतो.

आता आकडे, पण फक्त माझे. चोवीस तासांचे ओले पॅड बंद पिशवीत जमवायचे, वजन करायचं आणि तेवढ्याच कोऱ्या पॅडचं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. माझं दुसऱ्या महिन्यात 420 ग्रॅम होतं, सहाव्यात 190, नवव्यात 170 आणि बाराव्यात 175. शेवटचे हे आकडे पाहून मी समजलो की व्यायामाचं काम इथवरच. पॅडची संख्या मोजू नका. एक जण थेंबभर ओला झाला की बदलतो, दुसरा जड होईपर्यंत घालतो. सहा महिन्यांनंतरही काहीच सुधारणा दिसत नसेल तर ऑपरेशनचा विषय काढता येतो, आणि व्यायाम नीट करूनही वर्ष उलटलं, त्रास उरला, तर डॉक्टरांनी तो स्वतःहून मांडायला हवा. फक्त आधी एक खात्री करून घ्या: गळतंय ते खोकताना, उठताना गळतंय की लघवीची घाई लागून वाटेतच होतंय? घाईवाल्या गळतीवर आधी औषधं असतात.

दोन्ही ऑपरेशनांचं तत्त्व वेगळं आहे. स्लिंग म्हणजे मूत्रमार्गाच्या खालून नेलेली जाळीची पट्टी. ती मूत्रमार्गाला थोडं वर उचलून आधार देते, पण बंद करायचं काम तुमच्याच उरलेल्या स्नायूला करावं लागतं. म्हणून दुर्बीण घालून तो स्नायू आवळतो का हे आधी पाहतात. गळती फार असेल किंवा रेडिएशन झालेलं असेल तर स्लिंगचा भरवसा कमी होतो. कृत्रिम स्फिंक्टर तुमच्या स्नायूवर अवलंबून नसतो. मूत्रमार्गाभोवती पाण्याने भरलेलं कडं, पोटात फुगा आणि अंडकोशाच्या पिशवीत पंप. लघवीला जाताना पंप दाबायचा, कडं रिकामं होतं, आणि दोन-तीन मिनिटांत आपोआप पुन्हा भरतं. बसवल्यावर साधारण सहा आठवडे ते बंदच ठेवतात, म्हणजे तेवढे दिवस आणखी पॅड.

कागदावर स्फिंक्टर भारी वाटतो, आणि जास्त गळणाऱ्यासाठी तो आहेही. 2021 मध्ये जाहीर झालेल्या ब्रिटनच्या मास्टर नावाच्या अभ्यासात दोन्हींची थेट तुलना झाली. थोडंसंही गळणं ‘गळणं’च धरलं तर दोन्ही गटांतल्या बहुसंख्य पुरुषांचं ते शिल्लक होतं, म्हणजे ठणठणीत कोरडं होण्याची हमी दोन्हींपैकी कोणीच देत नाही. गंभीर गुंतागुंती स्लिंगच्या गटात कमी होत्या, तर समाधान स्फिंक्टरच्या गटात थोडं जास्त होतं. हे शेवटचं वाक्य माझ्या निवडीच्या विरोधात जातं, तरी सांगतोय.

माझं घोडं अडलं ते पंपापाशी. डॉक्टरांनी नमुन्याचा पंप हातात दिला आणि म्हणाले, ‘घरी घेऊन जा, टेबलाखाली हात ठेवून, न बघता दाबून पाहा.’ माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा सकाळी आखडलेला असतो. पाच वेळांत दोनदा जमलं. तो मऊ गोळा बोटांत फिरतो, निसटतो, आणि त्याच्याच वरच्या भागात कडं बंद करून टाकायचं छोटं बटण असतं, ते चुकून दाबलं जातंय की काय अशी धास्ती. मग विचार आला, रात्री दोनदा उठतो, झोपेत हे करायचं? शिवाय उद्या कुठे बेशुद्ध पडलो आणि कडं उघडून निष्क्रिय न करता कोणी कॅथेटर ढकलला तर मूत्रमार्गाला इजा होऊ शकते, म्हणून तसं लिहिलेलं कार्ड कायम खिशात. यंत्र आहे, झिजतं. काही वर्षांनी बऱ्याच जणांना दुरुस्तीचं ऑपरेशन लागतं. बोटं चांगली असती तर कदाचित एवढं मनाला लागलं नसतं.

स्लिंगचंही सगळं गोड नाही. सहा आठवडे उकिडवं बसायचं नाही, जड उचलायचं नाही, पाय फाकवायचे नाहीत, कारण पट्टी रुजण्याआधी सरकली की फायदा गेला. पहिला महिना बसताना दोन पायांच्या मधोमध दुखायचं. सुरुवातीला लघवी अडली, तीन दिवस कॅथेटर ठेवावा लागला. आज आठ महिन्यांनी चोवीस तासांचं वजन 12 ग्रॅमच्या आसपास आहे. पातळ पॅड घालतो, बरेचदा कोरडाच निघतो.

माझ्याबरोबर तपासणीला येणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना रेडिएशन झालेलं आणि रोजची गळती 600 ग्रॅमच्या घरात होती. त्यांनी स्फिंक्टर घेतला, आणि त्यांच्या जागी मीही तोच घेतला असता. पंप त्यांना आता चष्मा पुसण्याइतका सवयीचा झालाय म्हणतात. पण तुमचं माझ्यासारखं दीडशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास असेल, रेडिएशन झालेलं नसेल, रात्री झोपेत कोरडे राहत असाल, तर मला वाटतं आधी स्लिंगबद्दल विचारा. तिने भागलं नाही तर स्फिंक्टर नंतरही बसवता येतो. व्यायाम मात्र सुटत नाही. शिंक येते असं वाटलं की अजूनही हात नाकाकडे जाण्याआधी तो स्नायू वर जातो.