दोन्ही मुक्काम सोलापुरात की एक पंढरपुरात? अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूरच्या तीन दिवसांच्या दोन आखण्या

मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सोलापुरात उतरायचं आणि तिसऱ्या दिवशी रात्रीच्याच गाडीने परत निघायचं. आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुलं अशा सहा जणांसाठी इथे दोन प्रकारची आखणी मिळते. दोन्हींत मुख्य देवस्थानं तीच आहेत. रात्री झोपायचं कुठे, एवढाच फरक.

पहिली आखणी: दोन्ही रात्री सोलापुरात

पहिला दिवस: सकाळी हॉटेल, अंघोळ, नाश्ता. सिद्धेश्वर मंदिराचं दर्शन. दहाला अक्कलकोटकडे (सुमारे ४० कि.मी.). वटवृक्ष मंदिर, समाधी मठ. दुपारी अन्नछत्रात महाप्रसाद. चारपर्यंत हॉटेलवर. रात्रीचं जेवण सोलापुरात.
दुसरा दिवस: पहाटे पाचला पंढरपूरकडे (सुमारे ७५ कि.मी.). वाटेत चहा. दर्शन, जेवण, चंद्रभागा. परतताना मंगळवेढ्यात दामाजीपंतांचं मंदिर. रात्री हॉटेलवर.
तिसरा दिवस: पहाटे पाचला तुळजापूर (सुमारे ४५ कि.मी.). दर्शनानंतर नाश्ता. दुपारी सोलापूर, जेवण, विश्रांती, रात्री स्टेशन.

दुसरी आखणी: एक रात्र पंढरपुरात, एक सोलापुरात

पहिला दिवस: सकाळी सोलापुरात चार तासांसाठी खोली, अंघोळ, नाश्ता. अक्कलकोट, महाप्रसाद. तिथून सोलापूरमार्गे संध्याकाळी पंढरपूर. गर्दी बेताची असेल तर मुखदर्शन. मुक्काम व रात्रीचं जेवण पंढरपुरात.
दुसरा दिवस: पहाटे पदस्पर्श दर्शनाची रांग. दर्शनानंतर नाश्ता. दहा-अकराला निघून मंगळवेढामार्गे दुपारी सोलापूर, जेवण, विश्रांती. संध्याकाळी सिद्धेश्वर मंदिर. मुक्काम सोलापुरात.
तिसरा दिवस: पहिल्या आखणीप्रमाणेच.

पहिली आखणी सोपी वाटते, कारण बॅगा एकदाच उघडायच्या. गाडीचं गणितही तिच्याच बाजूचं. सात आसनी गाडीत सहा जण बसले की मागची रांग उघडी ठेवावी लागते आणि सामानाला जागा उरत नाही. दुसऱ्या आखणीत पहिल्या दिवशी बॅगा सोबतच फिरतात, म्हणून टपावर कॅरिअर आहे का हे आधीच विचारा. प्रवास मात्र दोन्हींत सारखाच होतो, साधारण ३२० कि.मी. अक्कलकोटहून पंढरपूरला जायचं तरी सोलापूर ओलांडावंच लागतं. त्यामुळे ‘फिरत्या मुक्कामाला किलोमीटर जास्त लागतात’ असं कुणी सांगितलं तर ते या मार्गाला लागू नाही. वाढतो तो चालकाचा बाहेरगावच्या रात्रीचा भत्ता. भाडं ठरवताना खरं पाहायचं ते दिवसाचं किमान अंतर. बाहेरगावच्या दराने गाडी घेतली की बहुतेक ठिकाणी रोजचे २५० किंवा ३०० कि.मी. धरले जातात, मग तुम्ही ८० च फिरलात तरी. तीनशेच्या हिशेबाने तीन दिवसांत ९०० कि.मी.चे पैसे जातील. त्याऐवजी ठिकाणाप्रमाणे ठोक दर मागा.

माझं मत दुसऱ्या आखणीच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण फक्त पंढरपूर. सोलापुरातून पाचला निघालात तर रस्ता, चहा, गाडी लावणं आणि चालणं धरून रांगेत उभं राहायला सात-साडेसात होतात. तोवर पंढरपुरात मुक्काम केलेले लोक आणि आसपासच्या गावांतून आलेली वाहनं पुढे असतात. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत मागे पडलेला एक तास आजी-आजोबांच्या पायांवर येतो. शिवाय रांग लांबली तर पहिल्या आखणीतला पुढचा सगळा दिवस घसरतो. मंगळवेढा आधी गळतं, मग रात्री दहाला हॉटेल आणि पुन्हा पहाटे पाचला तुळजापूर. सलग दोन पहाटे लांबचा प्रवास ज्येष्ठांना झेपत नाही. पंढरपुरात झोपलं तर पहाटे खोलीतून थेट मंदिराकडे निघता येतं. ज्याचे गुडघे दुखतात त्याने मुखदर्शन घेऊन खोलीवर परतावं, बाकीच्यांनी रांगेत थांबावं. ही मोकळीक सोलापुरातल्या हॉटेलात राहून मिळत नाही.

तुळजापूरला ही अडचण नाही. अंतर कमी आणि रस्ता चांगला, तासाभरात पोचता येतं. तिथे मुक्काम हलवायची गरज नाही. तिथला प्रश्न पायऱ्यांचा आहे: महाद्वारातून आत गेल्यावर खाली उतरत जावं लागतं आणि येताना तेवढंच चढायचं. घरात कुणाला ते कठीण असेल तर देणगी पासाची चौकशी आदल्या दिवशी करा.

हॉटेलचा हिशेब दोन्ही आखण्यांत नीट वाचायला हवा. सहल आयोजकाच्या पत्रकात ‘२ रात्री’ असं लिहिलेलं असलं तरी तुम्ही पहिल्या दिवशी सातला येता आणि तिसऱ्या दिवशी रात्री जाता. हॉटेलचा दिवस दुपारी १२ ते १२ असेल तर सकाळच्या प्रवेशाचे वेगळे पैसे लागू शकतात. २४ तासांचा हिशेब असेल तर पहिल्या आखणीत तिसऱ्या दिवशी सकाळी सातला खोली सोडावी लागेल, नेमके तुम्ही तुळजापुरात असताना. दोन खोल्या घेतल्या असतील तर शेवटच्या दिवशी त्यातली एक रात्रीपर्यंत वाढवून घ्या. सगळ्यांना पाठ टेकायला आणि बॅगा ठेवायला ती पुरते.

पत्रकातल्या जेवणाच्या ओळीतही एक गोष्ट तपासा. ‘सर्व जेवणं समाविष्ट’ असं लिहून पहिल्या दुपारी अक्कलकोटचा महाप्रसाद धरलेला असतो. अन्नछत्राचा महाप्रसाद निःशुल्क आहे, त्याचे पैसे आयोजकाने लावायचे नसतात. पहाटेच्या दर्शनाआधी न खाणारी मंडळी बरीच असतात, पण मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उपाशी रांगेत ठेवू नका. त्यांच्यासाठी राजगिऱ्याचा लाडू, केळी जवळ असू द्यात. आमच्या सोलापूरकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी प्रवासाला उत्तम, फक्त चटणीत लसूण असतो, त्यामुळे उपवासाच्या दिवशी ती चालत नाही.

आता नेहमीचा प्रश्न: गाणगापूर बसवता येईल का? या तीन दिवसांत नाही. अक्कलकोटहून ते आणखी सुमारे ७० कि.मी., कर्नाटकात. तिथे दुपारच्या माधुकरीला महत्त्व आहे, म्हणून बारापर्यंत पोचायला हवं. चौथा दिवस काढा आणि अक्कलकोट-गाणगापूर एकत्र करा. गाडीवाल्याला कर्नाटकच्या परमिटचा खर्च भाड्यात आहे का, हे विचारा.

पहिली आखणी कुणी निवडावी? ज्यांना पंढरपुरात मुखदर्शनच घ्यायचं आहे, किंवा ज्यांच्यासोबत अगदी लहान बाळ आहे. त्यांनी पहाटेची घाई सोडून नाश्ता करून आठला निघावं.

कोणतीही आखणी घ्या, तारखा ठरवण्याआधी पंचांग पाहा. पंढरपूर एकादशीला नको, अक्कलकोट शक्यतो गुरुवारी नको, तुळजापूर मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमेला टाळा. सोमवारी सोलापुरात उतरलात तर मंगळवारी पंढरपूर आणि बुधवारी तुळजापूर, असा क्रम चांगला बसतो. शारदीय नवरात्राच्या आधीचे काही दिवस तुळजाभवानीची मंचकी निद्रा असते. त्या दिवसांत देवी पलंगावर असते, सिंहासनावरचं दर्शन होत नाही. अभिषेक करायचा असेल तर ते दिवस सोडूनच गाडीचं आरक्षण करा.