कुसवाची चौकट आणि खिळ्यांची चौकट : दोन पावसाळ्यांनंतर

दापोलीच्या घरात गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत दोन दारं एकदम बसवली. पुढच्या दाराची चौकट गावातल्या सुतारकाकांनी कुसू घालून केली, म्हणजे उभ्या लाकडाचं टोक बारीक करून आडव्या लाकडाच्या भोकात बसवून. मागच्या पडवीची चौकट ठेकेदाराच्या माणसांनी खिळ्यांवर जुळवली, कारण काकांना वेळ नव्हता आणि मला घाई होती. सागवान एकाच वखारीतलं, माप एकच, चार बाय अडीच इंच. एकवीस महिने आणि दोन पावसाळे झाले, आता लिहायला हरकत नाही.

आधी निकाल. पुढची चौकट बसवली तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यातले दोन्ही कर्ण मोजले होते, फरक जेमतेम दोन मिलिमीटर. गेल्या आठवड्यात पुन्हा मोजले, तेवढाच आहे. मागच्या चौकटीत तो आठ मिलिमीटर झालाय. दार मुठीच्या बाजूला खाली झुकलंय आणि उघडताना लादीला घासतं. आडव्या पट्टीच्या वर तीन खिळ्यांची डोकी बाहेर आलीत. ठोकून आत घातली, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वर.

हे असं का होतं ते मला काकांनी एका वाक्यात सांगितलं होतं, "लाकूड आडवं फुगतं, उभं नाही फुगत." तेव्हा मी मान डोलावली होती. समजलं मात्र ते खिळे वर आलेले बघितल्यावर.

खिळा आडव्या पट्टीतून आरपार जाऊन उभ्याच्या टोकात शिरतो. पट्टीची जाडी अडीच इंच, म्हणजे साधारण चौसष्ट मिलिमीटर, आणि ती तंतूंच्या आडवी आहे. उन्हाळ्यातलं कोरडं लाकूड पावसाळ्यात दमट झालं की ही जाडी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने वाढते. खिळ्याची लांबी वाढत नाही. मग पट्टी खिळ्याचं डोकं धरून त्याला तेवढाच वर ओढते आणि टोक उभ्यातून सुटतं. नोव्हेंबरनंतर पट्टी आकसते, पण खिळा काही आपणहून परत आत जात नाही. दर वर्षी थोडा थोडा सुटत राहतो. त्यात उभ्याच्या टोकात खिळा तंतूंच्या दिशेनेच शिरलेला असतो, तंतू फक्त बाजूला सरकलेले असतात. तिथली पकड मुळातच कमी. दाराचं चाळीस किलोच्या आसपास वजन एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लोंबकळतं आणि कोपरा सतत उघडायला बघतं, ते वेगळंच.

कुसवात पकड घर्षणावर नसते, आकारावर असते. काकांनी उभ्याच्या चार इंच रुंदीचा मधला तिसरा भाग ठेवून बाकीचं कापलं. सव्वा इंच जाडीचं जे टोक उरलं ते कुसू. आडव्या पट्टीत पटाशीने त्याच मापाचं आरपार भोक घेतलं. कुसवाच्या दोन्ही बाजूंना जे सपाट खांदे राहतात ते पट्टीच्या खालच्या अंगाला टेकतात, आणि दार कोपरा ओढायला लागलं की खरा भार हे खांदे घेतात. खांद्याचा काप गुण्याने सरळ नसला तर बाकीच्या कष्टाला फारसा अर्थ राहत नाही. बघायचं असेल तर सांध्यात कागदाची पट्टी सरकवून बघा. माझ्या पुढच्या चौकटीत ती अजून कुठेच आत जात नाही. मागच्या चौकटीत जुना एटीएमचा कार्ड जातो.

मला सगळ्यात जास्त आवडली ती खुंटी. आधी पट्टीत समोरून भोक पाडलं, मग कुसू आत बसवून ड्रिलच्या टोकाने त्यावर खूण केली. कुसू बाहेर काढलं आणि त्यातलं भोक खुणेवर न पाडता दीड मिलिमीटर खांद्याकडे सरकवून पाडलं. मला वाटलं चुकले. मग निमुळती खुंटी ठोकली, तेव्हा ती दोन्ही भोकं एका रेषेत आणायला कुसवाला आत ओढत गेली आणि खांदे कचकन घट्ट बसले. खुंटी करवतीने न कापता लाकूड फोडून केली होती, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. आणि तिची जागाही विचार करून ठरवलेली, खांद्यापासून जेमतेम इंचभर. पट्टी फुगली तरी खुंटी आणि खांदा यांच्यातलं लाकूड तेवढंच, म्हणून हालचालही थोडीच.

भांडण फक्त एकदा झालं. आडवी पट्टी दोन्ही बाजूंना उभ्याच्या पुढे चार-चार इंच ठेवली होती. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, हे कान कापून टाकू, भिंत फोडायला लागते. काका करवत हातातून काढून घ्यायलाच आले. कान कापला की भोकाच्या पुढे लाकूड उरत नाही आणि पाचर ठोकताना पट्टीचं टोक फाटतं. भिंत फोडली.

त्याच वेळी तीन खणांचं एक कपाट करून घेतलं, खणांना डव्हटेल. जुन्या कपाटाच्या खणाची पुढची फळी दर दिवाळीत हातात यायची, कारण खिळे समोरून ठोकलेले आणि आपण ओढतो त्याच दिशेने ते सुटतात. डव्हटेलमध्ये बाजूच्या फळीची शेपटी टोकाकडे रुंद होत जाते आणि पुढच्या फळीच्या खाचेत बाजूने अडकते. ओढलं की ती तिरक्या अंगांवर आणखी आवळते. उतार साधारण आठास एक. यापेक्षा तिरकं केलं तर शेपटीचे कोपरे टवका उडून जातात. दोन्ही फळ्यांचे तंतू आडवेच जात असल्यामुळे त्या उंचीत बरोबरच फुगतात, बरोबरच आकसतात, म्हणून सांध्यात ताण येत नाही. शेपट्या मात्र बाजूच्या फळीवरच हव्यात. पुढच्या फळीवर घेतल्या तर ओढण्याची दिशा आणि सांधा निघण्याची दिशा एकच होते. एका शहरी दुकानात चक्क असा उलटा खण बघितलाय, तोही महागडा.

तक्रारीही आहेत. पहिल्या जुलैत सर्वात खालचा खण अडकला. डव्हटेलने लाकडाचं फुगणं थांबत नाही, आठ इंच उंचीची फळी दोनेक मिलिमीटर वाढली आणि वरची फट तेवढीच होती. ऑक्टोबरपर्यंत वाट बघून रंधा मारून घेतला. पुढच्या चौकटीचा एक उभा खाली लादीत पुरला गेलाय, तिथे ओल चढून लाकूड काळं पडतंय. त्याला कुसू काय करणार. बिजागऱ्या स्क्रूवरच आहेत आणि चौकट भिंतीत लोखंडी पट्ट्यांनी धरलीय, त्यामुळे "घरात एकही खिळा नाही" असल्या बढाया मी मारत नाही. आणि काम महाग. पुढच्या चौकटीला काकांचे दोन दिवस गेले, मागची अर्ध्या दिवसात उभी राहिली होती. कपाट प्लायवूडचं किंवा पार्टिकल बोर्डचं करणार असाल तर यातलं काहीच मागू नका, प्लायवूडमध्ये शेपट्यांचे थर सुटतात आणि पार्टिकल बोर्डमध्ये त्यांचा भुगा होतो.

मागच्या चौकटीला सध्या कोपऱ्यात तिरपे लांब स्क्रू मारून ठेवलेत. काकांना विचारलं, आता यात कुसू बसेल का? ते म्हणाले, उभा कुसवाएवढा लांब हवा, तो आधीच पट्टीखाली कापलाय. नवा उभा आणा, भिंत फोडा, मग बघू. फेब्रुवारीची तारीख घेऊन ठेवलीय.