आवाजाच्या ‘नमुन्या’त पूर्ण काम काढून घेणारे निमंत्रणपत्र

मी मराठीत आवाज देण्याचे स्वतंत्र काम करतो. काही महिन्यांपूर्वी एका मोबाइल खेळातील पात्रांचे संवाद ध्वनिमुद्रित करण्यासाठी मला रीतसर निमंत्रणपत्र आले. अंतिम ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक मिनिटाला ४०० रुपये, चार पात्रे मिळून सुमारे ३,६०० शब्दांची संहिता आणि निवड झाल्यापासून दहा दिवसांची मुदत, असे सर्व त्यात स्पष्ट लिहिले होते. मिनिटाला १२० शब्द धरले तर हे काम तीस मिनिटांचे, म्हणजे १२,००० रुपयांचे होते. दर अवास्तव नव्हता, त्यामुळे संशयाला जागा उरली नाही.

निवडीसाठी मात्र ‘पहारेकरी’ या एका पात्राचे ३४ संवाद नमुना म्हणून मागितले होते. खरी फसवणूक या मागणीतच होती. संवादांचे क्रमांक सलग नसून 012 पासून 388 पर्यंत विखुरलेले होते, म्हणजे संपूर्ण संहितेतून त्या पात्राचे सगळे बोलणे वेचून काढलेले होते. कलाकार पारखायचा असेल तर भावनांचे चढउतार दाखवणारे चार-पाच संवाद पुरतात. त्यासाठी ‘थांबा’, ‘कोण आहे?’ असे तुटक शब्द किंवा वार झेलतानाचे कण्हणे प्रत्येकी तीन वेळा लागत नाही. शिवाय प्रत्येक संवादाची वेगळी, `GUARD_012.wav` अशा नावाची आणि कोणतेही संस्करण न केलेली फाइल हवी होती. निवड साध्या एमपी३ वरही होते. अशी फाइल थेट खेळात बसवण्यासाठीच मागतात.

मी नमुना पाठवला आणि पुढे उत्तर आले नाही. एका सहकारी कलावतीला त्याच पत्रातून ‘आजी’चे संवाद मिळाले होते, हे नंतर बोलण्यातून कळले; पात्रागणिक वेगळा कलाकार गाठून बहुधा सगळी संहिताच अशी पूर्ण करून घेतली असावी. खेळ बाजारात आला तेव्हा त्यात आम्हा दोघांचेही आवाज होते, आणि माझ्या हातात दर लिहिलेले पत्र असूनही तो दर ‘निवड झाल्यास’ लागू होता.

प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ३८ कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क देते. त्यामुळे पत्र, पाठवलेल्या मूळ फाइली आणि खेळातील आवाजाचे ध्वनिमुद्रण जपून ठेवून आम्ही वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.

आता मी नमुन्यात एका पात्राचे तीनच संवाद, एकाच सलग एमपी३ फाइलमध्ये देतो आणि शब्दांच्या खाली मंद तानपुरा ठेवतो, म्हणजे आवाज पारखता येतो पण वेगळा काढून वापरणे सोपे राहत नाही. सोबतच्या पत्रात ‘हा नमुना केवळ निवडीसाठी असून अन्य वापरास परवानगी नाही’ असे लिहितो. याहून अधिक संवाद हवे असल्यास त्यांचे मानधन आधी मागतो. अलीकडे अशाच एका पत्राला हे उत्तर दिल्यावर समोरच्याने पत्रव्यवहारच थांबवला, तर दुसऱ्या एका निर्मात्याने तीन संवाद ऐकून काम दिले आणि निम्मे मानधन आगाऊ पाठवले.