भागाकार २६ ने की ३० ने? नोकरी सोडणाऱ्याच्या रजेचा आणि तासांचा हिशोब

माणूस नोकरी सोडतो तेव्हा ‘फुल अँड फायनल’चा कागद बनवणाऱ्यासमोर पहिला प्रश्न येतो तो एका दिवसाच्या पगाराचा. महिन्याचा पगार कशाने भागायचा? कोणी २६ ने भागतं, कोणी ३० ने, कोणी त्या महिन्यात जितके दिवस असतील तितक्यांनी. लहान कारखान्यांत हे बहुधा ‘आपल्याकडे पहिल्यापासून असंच आहे’ या एका वाक्यावर चालतं. कोणी नोकरी सोडत नाही तोवर त्यात कुणाला काही खटकतही नाही.

तिसरा पर्याय आधीच बाजूला ठेवतो. महिन्याच्या खऱ्या दिवसांनी भागलं की तोच माणूस फेब्रुवारीत महाग पडतो आणि मार्चमध्ये स्वस्त. चालू महिन्याच्या पगारापुरतं ते चालेल, पण वर्षभर साठलेल्या रजेची किंमत राजीनाम्याच्या महिन्यावर ठरावी याला काही अर्थ नाही. खरी निवड २६ आणि ३० यांच्यातच आहे.

दोन्ही आकड्यांमागे आपापलं कारण आहे. ३० ची पद्धत सरकारी नोकरीतली. केंद्र सरकारचा कर्मचारी निवृत्त होतो तेव्हा मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले ३०, गुणिले शिल्लक अर्जित रजा असा हिशोब होतो आणि रजेची कमाल मर्यादा ३०० दिवस असते. तिथे हे बरोबर बसतं, कारण सरकारी अर्जित रजेच्या मध्ये रविवार आला तर तोही रजेतच धरला जातो. सोमवार ते पुढचा सोमवार रजा घेतली तर खात्यातून आठ दिवस जातात. रजा अशी सलग दिवसांनी कापली जात असेल, तर तिची किंमतही सलग दिवसांनीच काढली पाहिजे.

कारखान्यातली रजा वेगळी. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ७९ पासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे काम केलेल्या दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते आणि त्या रजेत मधल्या सुट्ट्या मोजल्या जात नाहीत. सोमवार ते सोमवार रजेवर गेलेल्या कामगाराचे सातच दिवस कापले जातात. म्हणजे त्याच्या खात्यावरचा प्रत्येक दिवस हा कामाचा दिवस असतो, आणि महिन्यात कामाचे दिवस साधारण २६. ग्रॅच्युइटीच्या सूत्रातला ‘१५ भागिले २६’ याच विचारातून आलेला आहे. रजेच्या पगाराबद्दल त्याच अधिनियमाचं कलम ८० आणखी नेमकं होतं. रजेआधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची सरासरी कमाई घ्यायची, त्यात महागाई भत्ता धरायचा, ओव्हरटाइम आणि बोनस सोडायचा.

तेव्हा निवड करताना पगारपत्रक उघडण्याआधी रजेचं रजिस्टर उघडा. मागच्या वर्षभरात कोणी रविवार मध्ये येईल अशी रजा घेतली असेल ती नोंद शोधा आणि तेव्हा किती दिवस कापले ते बघा. रविवार कापला असेल तर ३० म्हणणं समजू शकतं. तो सोडला असेल तर २६ शिवाय दुसरा आकडा न्याय्य नाही. कारखान्यात मुळात रविवार कापायलाच नको होता, ही गोष्ट वेगळी.

एक उदाहरण शेवटपर्यंत मांडतो. चाकणच्या एका छोट्या फॅब्रिकेशन युनिटमधला स्टोअरमधला कामगार. पगार ३१,२०० रुपये, सगळा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून. साप्ताहिक सुट्टी रविवारची. राजीनामा दिला, एक महिन्याची नोटीस १ सप्टेंबरपासून सुरू झाली, पण नव्या ठिकाणी लवकर हजर व्हायचं म्हणून १८ सप्टेंबरलाच शेवटचा दिवस भरला. २६ ने भागलं तर त्याचा दिवस १,२०० रुपयांचा, ३० ने भागलं तर १,०४० रुपयांचा.

आधी रजा. गेल्या वर्षातून पुढे आणलेले ९ दिवस, गेल्या वर्षीच्या हजेरीवर यंदा जमा झालेले १३, पैकी ६ वापरले. राहिले १६. बरेच जण इथेच थांबतात आणि इथेच कामगाराचं सर्वात मोठं नुकसान होतं. यंदा जानेवारीपासून त्याने १७८ दिवस काम केलं आहे. ‘२४० दिवस भरले नाहीत, म्हणून चालू वर्षाची रजा नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. २४० ची अट नोकरीत असताना रजा घेण्यासाठी होती. नोकरी सुटताना, ते दिवस भरले नसले तरी, वीसला एक या दराने रजेचा पगार द्यायचा असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही अट २४० वरून १८० दिवसांवर आली. वीसला एक हा दर तोच राहिला आणि नोकरी सोडणाऱ्याला अपुऱ्या दिवसांवरही रजेचा पगार देण्याचं तत्त्वही तेच राहिलं. १७८ भागिले २० म्हणजे ८.९. अर्धा किंवा त्याहून जास्त अपूर्णांक पूर्ण दिवस धरायचा, त्यामुळे ९. एकूण शिल्लक रजा २५ दिवस.

१७८ हा आकडा काढताना एक काळजी घ्या. यंदा घेतलेली पगारी रजा किंवा ले-ऑफचे दिवस पात्रतेसाठी हजेरीत धरले जातात, पण त्या दिवसांवर नवी रजा साठत नाही. वीसने भागायचे ते प्रत्यक्ष कामाचे दिवस.

आता तास. या कामगाराचा चार संध्याकाळचा ओव्हरटाइम द्यायचा राहिला आहे: १ तास ४५ मिनिटं, २ तास ३० मिनिटं, ५० मिनिटं आणि ३ तास २० मिनिटं. मस्टरवर ते १.४५, २.३०, ०.५०, ३.२० असे लिहिलेले असतात आणि कॅल्क्युलेटरवर बेरीज येते ७.४५. खरी बेरीज ८ तास २५ मिनिटं आहे. साठ मिनिटांचा तास शंभराचा समजला की जवळजवळ एक तास गिळला जातो. ही चूक पकडायची खूण सोपी आहे. तासांच्या रकान्यात दशांशानंतर कधीच ६० किंवा त्याहून मोठा आकडा दिसत नसेल, तर तिथे मिनिटंच टिंब देऊन लिहिलेली आहेत असं समजा.

एक्सेलमध्ये वेळ टिंबाऐवजी कोलन देऊन भरा आणि बेरजेच्या खान्याला `[h]:mm` हा फॉरमॅट द्या. चौकटी कंस नसले की २४ तास ओलांडलेली बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि २६ तास १० मिनिटांच्या जागी २:१० दिसतं. पैशाने गुणण्यासाठी मात्र दशांशातले तास लागतात:

```
=SUM(B2:B5)*24
```

या खान्याचा फॉरमॅट साध्या आकड्याचा ठेवा. उत्तर ८.४१६७ येईल. राउंडिंग करायचंच असेल तर शेवटच्या रुपयांवर करा. रोजच्या नोंदी अर्ध्या तासाला खाली ओढल्या तर याच चार संध्याकाळींचे साडेसात तास होतात.

ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दराच्या दुप्पट. दिवसाचे ८ तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले की २०८ तास होतात. ३१,२०० भागिले २०८ म्हणजे तासाला १५० रुपये, ओव्हरटाइमला ३००. ३० ने भागणाऱ्याकडे हाच दर २६० होतो. त्यात महिन्याचे २४० तास गृहीत धरले जातात, आणि तेवढे तास कामगार कधीच भरत नाही. म्हणून रजेसाठी ३० निवडलं तरी तासांसाठी ते मला पटत नाही.

पुढच्या तक्त्यात दोन्ही पद्धती आणि तिसरी एक भेसळ शेजारी शेजारी मांडली आहे.

| बाब | सगळीकडे २६ | सगळीकडे ३० | भेसळ |
|---|---|---|---|
| १ ते १८ सप्टेंबर पगार | १६ × १,२०० = १९,२०० | १८ × १,०४० = १८,७२० | १८,७२० |
| शिल्लक रजा, २५ दिवस | ३०,००० | २६,००० | २६,००० |
| ओव्हरटाइम ८ तास २५ मि. | २,५२५ | २,१८८ | २,१८८ |
| अपुऱ्या नोटिशीची वसुली | १० × १,२०० = १२,००० | १२ × १,०४० = १२,४८० | १२ × १,२०० = १४,४०० |
| हातात | ३९,७२५ | ३४,४२८ | ३२,५०८ |

पहिल्या ओळीत २६ च्या रकान्यात दिवस १६ आहेत आणि ३० च्या रकान्यात १८. २६ मध्ये रविवार नाहीत, म्हणून गुणायच्या १८ दिवसांतूनही दोन रविवार गेले पाहिजेत. पगाराच्या आणि वसुलीच्या ओळींत म्हणूनच दोन पद्धतींमध्ये ४८० रुपयांचाच फरक पडतो. खरा खड्डा रजेच्या ओळीत आहे. तिथे २५ हा आकडा दोन्हीकडे तोच राहतो, कारण ते दिवस आधीच रविवार वगळून मोजलेले आहेत. ते ३० च्या दराने गुणले की कामाच्या दिवसाला कॅलेंडरच्या दिवसाचा भाव मिळतो आणि ४,००० रुपये जातात.

भेसळीचा रकाना मी कल्पनेने रचलेला नाही, असे कागद टेबलावर येतात. द्यायच्या रकमेला ३० आणि घ्यायच्या रकमेला २६. दरवेळी त्यात लबाडीच असते असं नाही. वसुलीची ओळ ग्रॅच्युइटीच्या जुन्या शीटमधून उचललेली असते आणि तिचा २६ तसाच राहून जातो. कामगाराने तपासायचं तर एवढंच करावं: रजेची रक्कम रजेच्या दिवसांनी आणि वसुलीची रक्कम वसुलीच्या दिवसांनी भागावी. दोन दर वेगळे आले तर त्याचं कारण लेखी मागावं. नोटिशीची वसुली करता येते का आणि किती, हे नेमणूकपत्रात काय लिहिलं आहे त्यावर ठरतं, तेही सोबत काढून ठेवावं.

हे सगळं हाताने करायचं, एक्सेलवर की पगाराच्या सॉफ्टवेअरवर, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम. वीस-पंचवीस माणसांच्या युनिटला एक्सेल पुरतं आणि प्रत्येक खाना उघडून बघता येतो. पंचिंग मशीनला जोडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मिनिटांची बेरीज चुकत नाही, पण रजेचा भाजक सेटअपच्या वेळी एकदाच भरलेला असतो आणि पुढे तिकडे कोणी फिरकत नाही. शिवाय वर्षाच्या मध्ये सोडणाऱ्याची चालू वर्षाची रजा आपोआप धरली जाते का, हे सेटिंगवर अवलंबून असतं. एखाद्या जुन्या राजीनाम्याचे आकडे घालून ते पडताळून घ्या.

वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं, त्यामुळे ‘पुढच्या पगारासोबत बघू’ ही जुनी सवय आता चालत नाही. भाजक आणि रजेची शिल्लक हे दोन आकडे राजीनामा हातात पडताच पक्के करून कामगाराची त्यावर सही घेतलेली बरी. शेवटच्या दिवशी मग फक्त हजेरी आणि तास भरायचे राहतात.